जुलाब थांबवणारी गोळी : कधी चालते, कधी जिवावर बेतते?

अहिल्यानगर : लग्नाच्या पंगतीत जेवण झाले, रात्रीतून पोट बिघडले आणि सकाळी एसटीने बाहेरगावी जायचे आहे. अशा वेळी माणूस गावातल्या मेडिकलवर जातो आणि एवढेच म्हणतो, "जुलाब थांबायची गोळी द्या." काउंटरवरून एक छोटी पट्टी येते. त्यात २ मिलिग्रॅमची लोपेरामाइड नावाची गोळी किंवा कॅप्सूल असते. ब्रँडची नावे वेगवेगळी असली तरी आतले औषध तेच असते. दोन गोळ्या घेतल्या की काही तासांत संडासच्या फेऱ्या कमी होतात आणि माणूस कामाला लागतो.

हीच पट्टी मग घरातल्या डब्यात पडून राहते. पुढच्या महिन्यात दीड वर्षाच्या नातवाला जुलाब लागले की आजी त्याच पट्टीतली पाव गोळी कुस्करून मधात चाटवते. किंवा ऊसतोडीच्या अड्ड्यावर एखाद्याला मुरडा येऊन रक्त पडत असते, त्याला कुणीतरी "माझ्याकडे गोळी आहे" म्हणून दोन गोळ्या देतो. पहिल्या माणसाला उपयोगी पडलेले औषध या दोघांना मात्र धोक्यात घालू शकते. औषध तेच, मग फरक कशाने पडतो, हे कळायला ही गोळी पोटात गेल्यावर करते काय, ते आधी पाहावे लागेल.

गोळी जंतू मारत नाही, आतडे संथ करते

लोपेरामाइड हे अँटिबायोटिक नाही. ते कुठल्याही जंतूला मारत नाही, विष उतरवत नाही, पोटातला दाह शमवत नाही. त्याचे काम एकच आहे. आतड्याच्या भिंतीत स्नायू असतात आणि ते लाटेसारखे आकुंचन पावून अन्न पुढे ढकलतात. लोपेरामाइड या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंवर काम करते आणि ही लाट मंद करते. गुदद्वाराचा स्नायूही थोडा घट्ट होतो, त्यामुळे "आली की पळायचे" ही घाई कमी होते.

पाटपाण्यावर शेती करणाऱ्याला हे लगेच कळेल. सरीतून पाणी जोरात सुटले की ते मुरत नाही, वरच्या वर वाहून टोकाला जाते. तेच पाणी संथ सोडले की जमीन पिऊन घेते. आतड्याचेही तसेच आहे. जुलाबात सगळे इतक्या वेगाने पुढे जाते की पाणी आणि मीठ शोषून घ्यायला आतड्याला वेळच मिळत नाही. गोळीने वेग कमी झाला की पाणी मुरते आणि संडास घट्ट होते.

हे औषध अफूच्या कुळातले आहे. अफू खाल्ल्यावर बद्धकोष्ठ होते, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. लोपेरामाइड त्याच कुळातले असले तरी नेहमीच्या डोसमध्ये ते मेंदूत जवळपास पोहोचत नाही. मेंदूच्या वाटेवर शरीराचा एक पहारेकरी असतो, तो त्याला बाहेरच हाकलतो. म्हणून नशा चढत नाही आणि परिणाम आतड्यापुरता राहतो. पण ही गोष्ट नेहमीच्या डोसपुरती आणि मोठ्या माणसापुरतीच खरी आहे.

आता या गोळीची दुसरी बाजूही याच कामातून निघते. आतड्यात नुसते पाणी असेल तर ते संथ केल्याने फायदा होतो. पण आतड्याची भिंत पोखरणारे जंतू आणि त्यांचे विष आत असेल, तर ते बाहेर टाकायला शरीराने लावलेला जोर म्हणजेच जुलाब. तो जोर काढून घेतला की जंतू आणि विष आतच मुक्काम ठोकतात. थोडक्यात, दार बंद करण्याआधी आत कोण आहे ते पाहिले पाहिजे.

गोळीआधी चार प्रश्न

प्रयोगशाळेत न जाताही आत कोण आहे याचा अंदाज बराचसा बांधता येतो. त्यासाठी चार प्रश्न पुरतात. संडासमध्ये रक्त किंवा आव आहे का? अंगात ताप आहे का? पोट फुगून ताठ झाले आहे का किंवा दुखणे असह्य आहे का? आणि रुग्ण बारा वर्षांच्या आतला आहे का?

चारही प्रश्नांचे उत्तर "नाही" असेल, संडास पाण्यासारखे पातळ असेल आणि माणूस एरवी धडधाकट असेल, तर लोपेरामाइड बहुतेक वेळा सुरक्षित असते. एकाही प्रश्नाचे उत्तर "हो" आले तर गोळी बाजूला ठेवायची आणि डॉक्टरकडे जायचे.

यात पाचवा प्रश्न एका विशिष्ट माणसासाठी आहे. कुठल्याही दुखण्यासाठी अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल किंवा गेल्या काही आठवड्यांत संपला असेल आणि मग जुलाब लागले असतील, तर हे जुलाब वेगळे असू शकतात. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मेले की त्यांच्या जागी एक विषारी जंतू वाढू शकतो आणि मोठ्या आतड्याला सूज येते. त्यात आतडे संथ केले तर ते फुगण्याचा धोका असतो. असे जुलाब डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

एक उदाहरण, तासातासाने

समजा, शेवगाव तालुक्यातला पस्तिशीतला एक माणूस आहे. रात्री लग्नात जेवला. पहाटे दोनपासून सहापर्यंत पाच वेळा पातळ संडास झाली. पोटात गुडगुड आहे, पण दुखणे सोसवते. रक्त नाही, आव नाही. थर्मामीटर लावला तर ताप नाही. आठच्या एसटीने त्याला पुण्याला जायचेच आहे.

सहा वाजता त्याने पहिले काम करायचे ते गोळीचे नाही, पाण्याचे. ओआरएसचे मोठे पाकीट, म्हणजे सुमारे २० ग्रॅमचे, एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायचे. लहान पाकीट मिळाले तर ते बहुधा एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यासाठी असते. पाकिटावर लिहिलेले माप वाचूनच पाणी घ्यायचे. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असे करायचे नाही, कारण मग मिठाचे प्रमाण चुकते. दर पातळ संडासनंतर मोठ्या माणसाने एक ते दोन पेले ओआरएस प्यायचे. पाच वेळा झाली आहे, तेव्हा निघण्यापूर्वी घोट घोट करत निदान लिटरभर पोटात जायला हवे.

सात वाजता पहिला डोस. मोठ्या माणसाला सुरुवातीला दोन गोळ्या, म्हणजे ४ मिलिग्रॅम. इथे बऱ्याच जणांची गडबड होते. गोळी घेऊन अर्ध्या तासात पुन्हा संडास झाली की "लागू पडली नाही" म्हणून आणखी दोन गोळ्या घेतल्या जातात. पण या औषधाला काम सुरू करायला वेळ लागतो आणि रक्तात त्याचे प्रमाण सर्वांत वर जायला काही तास लागतात. मग आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या गोळ्या एकदम काम करू लागतात आणि दोन-तीन दिवस पोटच साफ होत नाही. म्हणून दोन डोसमध्ये निदान एक-दोन तास जाऊ द्यावेत.

साडेनऊला वाटेत गाडी थांबली, पुन्हा पातळ झाली. आता एक गोळी. दुपारी तीनला पुन्हा एकदा पातळ झाली, आणखी एक गोळी. झाल्या चार गोळ्या, म्हणजे ८ मिलिग्रॅम. स्वतःच्या मनाने घ्यायची चोवीस तासांतली हद्द इथे संपते. त्यानंतर संडास झाली तरी पाचवी गोळी नाही, फक्त ओआरएस. डॉक्टर काही रुग्णांना दिवसाला १६ मिलिग्रॅमपर्यंत देतात, पण तो हिशेब त्यांच्या देखरेखीतला आहे.

गोळी वेळापत्रकाने घ्यायची नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. सकाळ-संध्याकाळ अशी ती नसते. पातळ संडास झाली तरच पुढची गोळी. संडास घट्ट झाली किंवा बारा तास झालीच नाही तर औषध बंद. आपल्या या माणसाला संध्याकाळनंतर काही झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी एकही गोळी लागणार नाही. उरलेली पट्टी "कोर्स पूर्ण करायचा" म्हणून संपवायची नसते. तो नियम अँटिबायोटिकचा आहे, या गोळीचा नाही.

आणि दोन दिवस, म्हणजे ४८ तास होऊनही जुलाब थांबले नाहीत तर गोळी सोडून दवाखाना गाठायचा. साधे जुलाब बहुतेक तोवर स्वतःच ओसरू लागतात. ओसरत नाहीत याचा अर्थ आत काहीतरी वेगळे आहे.

आता याच उदाहरणात एक वळण घेऊ. समजा पुण्यात रात्री त्याला थंडी वाजून १०२ ताप आला आणि पुढच्या संडासला रक्ताचे धागे दिसले. सकाळी चार प्रश्नांची उत्तरे "नाही" होती, आता दोन "हो" झाली. त्या क्षणी गोळी बंद. दिवसभर घेतलेल्या चार गोळ्यांबद्दल डॉक्टरांना न लाजता सांगायचे, कारण संडासच्या फेऱ्या कमी दिसल्याने आजार सौम्य आहे असा त्यांचा गैरसमज होऊ शकतो.

मुरडा, रक्त आणि ताप

मुरडा मारून थोडी थोडी आव-रक्त पडणे हे मोठ्या आतड्याच्या भिंतीत जंतू घुसल्याचे लक्षण असते. शिगेला, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर अशी या जंतूंची नावे. इथे अडचण नुसत्या पाण्याची नसते, आतड्याला जखमा झालेल्या असतात.

अशा वेळी आतडे संथ केले तर काय होते, याचा एक जुना पुरावा आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत शिगेलाची लागण झालेल्या स्वयंसेवकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध लोपेरामाइड नव्हते, त्याच कुळातले डायफेनॉक्सिलेट होते, जे लोमोटिल नावाने ओळखले जाते. ज्यांना ते मिळाले त्यांच्यापैकी काहींचा ताप लांबला आणि जंतू शरीरात अधिक काळ टिकले. तेव्हापासून रक्ती जुलाबात ही औषधे देऊ नयेत, हा नियम रुजला.

याला एक पोटनियमही आहे. १९९३ मध्ये थायलंडमधल्या प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रक्ती जुलाबाच्या रुग्णांना योग्य अँटिबायोटिकसोबत लोपेरामाइड दिले, तेव्हा जुलाब लवकर आटोक्यात आले आणि ताप लांबला नाही. म्हणजे जंतू मारणारे औषध सोबत असेल आणि डॉक्टर पाहात असतील, तर धोका कमी होतो. म्हणून एखाद्या डॉक्टरने ताप असतानाही ही गोळी लिहून दिली, तर ती चूकच असेल असे नाही. पण मेडिकलवरून नुसती गोळी आणून घरी घेणाऱ्याकडे यातले काहीच नसते.

सगळे जुलाब सारखे नसतात, हे शेजारच्या पुणे जिल्ह्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड परिसरात हातपाय लुळे पाडणाऱ्या गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. एकूण संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. दूषित पाण्यावर संशय आला. त्या आजाराला ही गोळी कारण नव्हती. या जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, त्यातून तो होतो. पण ताप, पोटात कळा आणि कधी रक्त अशी सुरुवात करणारा हाच जंतू घरी गोळीने दाबू नये, अशा यादीतला आहे. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या आल्या, जिना चढताना गुडघे वाकू लागले, तर ते अशक्तपणावर न ढकलता दवाखान्यात जायला हवे.

लहान मुलांना पाव गोळीही नको

या लेखातला सर्वांत कडक नियम हा आहे. बारा वर्षांखालच्या मुलाला घरच्या घरी लोपेरामाइड द्यायचे नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला तर ते पूर्ण वर्ज्य आहे. पाव गोळी नाही, चाटण नाही, पाण्यात विरघळवून चमचाभरही नाही.

कारण मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. तान्ह्या बाळात हे औषध मेंदूपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते. मग बाळ सुस्त पडते, श्वास मंदावतो. दुसरे म्हणजे, बाळाचे आतडे संथ होता होता पूर्ण ठप्प होऊ शकते. पोट ढोलासारखे फुगते, हिरवी उलटी होते, गॅसही सरत नाही. १९९० च्या सुमारास पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब दिल्यानंतर तान्ह्या मुलांची आतडी अशी बंद पडून मृत्यू झाल्याची प्रकरणे समोर आली आणि मुलांसाठीचे थेंब बाजारातून मागे घ्यावे लागले. २००७ मध्ये मुलांवरच्या तेरा अभ्यासांची एकत्र छाननी झाली. लोपेरामाइड घेतलेल्या ९२७ मुलांपैकी ८ जणांना गंभीर त्रास झाला होता. ते न घेतलेल्या ७६४ मुलांत असा एकही नव्हता. त्रास झालेली सगळी मुले तीन वर्षांखालची होती.

भारतात मुलांसाठीच्या जुलाबाच्या औषधांत लोपेरामाइड आणि डायफेनॉक्सिलेट घालण्यावर सरकारची बंदी आहे. म्हणून मुलांचे सिरप या औषधाचे मिळत नाही. पण बंदी सिरपवर आहे, घरातल्या डब्यातल्या मोठ्यांच्या पट्टीवर नाही. ती पट्टी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवणे घरच्यांच्याच हातात आहे.

मुलाच्या जुलाबावर खरे औषध ओआरएस आणि झिंक हे आहे. दोन्ही आशाताईंकडे, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ संडासनंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला ओआरएस, चमच्याचमच्याने. त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करायचे. झिंकची गोळी सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायची असते. अंगावरचे दूध आणि खाणे बंद करायचे नाही.

फेऱ्या थांबल्या, पण पाणी?

मोठ्या माणसातही या गोळीचा एक फसवा परिणाम आहे. कॉलरासारख्या जुलाबात तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाणी लिटरच्या लिटर पडते. इथे आतड्याची भिंतच झऱ्यासारखी पाणी सोडत असते. गोळीने पुढची वाट संथ झाली तरी झरा चालूच राहतो. पाणी संडासवाटे बाहेर न येता आतड्यात साचते. घरच्यांना वाटते जुलाब थांबले, आणि आत शरीर कोरडे पडत जाते.

म्हणून ही गोळी घेतल्यावर संडासच्या फेऱ्या मोजून भागत नाही, लघवी पाहावी लागते. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा अगदी गडद पिवळी झाली, जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले, उभे राहताच अंधारी आली, तर पाणी कमी पडले आहे. तोंडाने पाणी टिकत नसेल, माणूस सुस्त होत असेल किंवा पाण्यासारखे जुलाब भराभर होत असतील, तर सलाईनची गरज आहे. अशा वेळी १०८ ला फोन करावा. दिंडीत, जत्रेत किंवा टँकरच्या पाण्यावर असलेल्या वाडीत एकाच वेळी अनेकांना असे जुलाब लागले, तर गोळ्या वाटत बसण्यापेक्षा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवणे महत्त्वाचे.

ओआरएस घेताना एक गोष्ट तपासावी. मेडिकलवर गोड चवीचे तयार पेय खोक्यात मिळते. त्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर जास्त आणि मीठ कमी असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. जास्त साखरेने जुलाब उलट वाढतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचा उल्लेख पाहून घ्यावे. पाकीट मिळेपर्यंत घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून चालते.

जास्त गोळ्या आणि हृदय

"दोनाने थांबत नाही, तर सहा घेतो" हा हिशेब हृदयावर येऊ शकतो. नेमून दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट लोपेरामाइड पोटात गेले तर हृदयाच्या ठोक्यांची विजेची लय बिघडते. चक्कर येते, माणूस अचानक कोसळतो, कधी हृदय बंद पडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला. तिथे काही लोक नशेसाठी मुठीमुठीने या गोळ्या घेत होते. २०१८ मध्ये तिथे पाकिटातल्या गोळ्यांची संख्याच मर्यादित करण्याचे पाऊल उचलले गेले.

नेमक्या डोसमध्ये हा धोका फार कमी आहे. पण काही औषधे लोपेरामाइडचे रक्तातले प्रमाण वाढवतात. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, गजकर्णासारख्या त्रासावर सर्रास दिले जाणारे इट्राकोनाझोल आणि हृदयाच्या ठोक्यांची काही औषधे त्यांत येतात. यांपैकी काही चालू असेल, हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल, किंवा बाई गरोदर असेल किंवा बाळाला दूध पाजत असेल, तर विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. वयस्क माणसांनीही, कारण त्यांना बद्धकोष्ठ आणि पाणी कमी होणे दोन्ही लवकर होते.

मेडिकलवर "जुलाबाची गोळी द्या" म्हणण्याऐवजी रुग्णाचे वय, ताप आहे की नाही, रक्त पडते की नाही आणि चालू औषधे कोणती, हे आधी सांगावे. पट्टी हातात आली की उलटून औषधाचे नाव वाचावे. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत लोपेरामाइडच असेल, तर दोन्ही मिळून दिवसाला चारच. गोळी घेतल्यावर पोट फुगू लागले, गॅस सरेना, उलट्या सुरू झाल्या किंवा छातीत धडधडून चक्कर आली, तर पुढची गोळी न घेता पट्टी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. किती गोळ्या आणि किती वाजता घेतल्या, हे डॉक्टरांना त्या पट्टीवरून सांगता येते.